दोन फोटोंत ताऱ्याचं अंतर? थापा मारू नका!

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात एक स्लाइड हमखास असते. मधे सूर्य, दोन बाजूंना पृथ्वी (एक जानेवारीतली, एक जुलैतली), वर एक तारा आणि त्यांना जोडणाऱ्या दोन रेषा. मग निवेदक म्हणतो, "सहा महिन्यांच्या अंतराने दोन फोटो काढा, तारा किती सरकला ते मोजा, त्याचं निम्मं करा, ३.२६ ला त्याने भागा. झालं, अंतर प्रकाशवर्षांत हजर!" टाळ्या.

मंडळी, हे अर्धवट आहे. आणि अर्धवट म्हणजे थोडंसं कमी-जास्त नव्हे, उत्तर चौपट-पाचपट चुकतं. हिशोबच मांडतो.

समजा घनसावंगीतल्या चार मुलांनी हे मनावर घेतलं. जालना जिल्ह्यातलं ठिकाण, शहरापेक्षा आभाळ नक्कीच काळं. तारा घेऊ ६१ सिग्नी, हंस तारकासमूहातला, डेनेबच्या जवळचा. अंधारात नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसतो. बेसेलने १८३८ साली पहिलं भरवशाचं तारा-अंतर जाहीर केलं ते याचंच. आजचा मोजलेला पॅरॅलॅक्स ०.२८६ विकला (एका अंशाचे ३६०० भाग केले की एक विकला). म्हणजे अडीच सेंटिमीटरचं नाणं १८ किलोमीटरवरून जेवढं दिसेल तेवढा कोन. अंतर ११.४ प्रकाशवर्षे.

हा तारा घनसावंगीसाठी सोयीचा आहे. हा कोन आकाशात ज्या लांबट वर्तुळात दिसतो त्याची दोन टोकं येतात मेच्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या अखेरीस. मेमधे तारा पहाटे चारच्या सुमारास पूर्वेकडे चांगला वर असतो, नोव्हेंबरमधे संध्याकाळी सातनंतर पश्चिमेकडे. ऑगस्टमधे तो रात्रभर डोक्यावर असतो खरा, पण तेव्हा ढग. आपल्याला हव्या त्या दोन्ही वेळा पावसाळ्याबाहेर पडतात. वा!

आता मुलांनी मेमधे एक फोटो काढला, नोव्हेंबरमधे दुसरा. मागच्या अंधुक ताऱ्यांच्या तुलनेत तारा सरकलेला दिसेल २.०३ विकला. निम्मं १.०१५. ३.२६ भागिले १.०१५ म्हणजे ३.२ प्रकाशवर्षे. अरेच्चा! सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा ४.२ वर आहे, आणि पोरांना त्याच्याही अलीकडचा तारा सापडला.

पुढच्या मेमधे तिसरा फोटो काढला तर गंमत आणखी वाढते. नोव्हेंबर ते मे तारा सरकतो ३.१७ विकला. स्लाइडच्या सूत्राने अंतर २.१ प्रकाशवर्षे. सहा महिन्यांत तारा एक प्रकाशवर्षाहून जास्त जवळ आला म्हणायचा!

असं का होतं? कारण तारे खिळ्याने ठोकलेले नाहीत. ६१ सिग्नी स्वतःच आकाशात वर्षाला सुमारे ५.२ विकला सरकतो. याला निजगती म्हणतात. सहा महिन्यांत २.६ विकला तर त्याचं स्वतःचं चालणं, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे दिसणारं हलणं फक्त ०.५७. मे ते नोव्हेंबर हे हलणं चालण्याच्या उलट दिशेने, म्हणून २.०३. नोव्हेंबर ते मे त्याच दिशेने, म्हणून ३.१७. स्लाइडवाल्याने चालणं आणि हलणं एकत्र करून सगळं पृथ्वीच्या नावावर टाकलं.

उपाय अवघड नाही. तीन फोटो. बेरीज घेतली की वर्षाची निजगती मिळते, वजाबाकी घेतली की पॅरॅलॅक्सच्या चौपट:

```
m = 2.03        # मे ते नोव्हेंबर
n = 3.17        # नोव्हेंबर ते मे
p = (n - m) / 4 # 0.285
d = 3.26 / p    # 11.4
```

(इथे तारा योगायोगाने त्या लांबट वर्तुळाच्या लांब बाजूला जवळपास समांतर चालतो, म्हणून एका रेषेत हिशोब जमतो. इतर ताऱ्यांना दोन दिशा वेगळ्या धराव्या लागतील. आणि दोन अर्धवर्षं नेमकी सारखी नसतील तर दिवस मोजून घ्या, पाच दिवसांचा फरक म्हणजे ०.०७ विकला.)

यावर ठरलेला प्रतिवाद येतो: "निजगती कॅटलॉगमधे असते की, तिथून उचला, दोन फोटो पुरतात." उचला ना! पण मग स्लाइडवर तसं लिहा. कॅटलॉगमधली निजगती आभाळातून पडलेली नाही, ती दशकानुदशकांच्या फोटोंतून आली आहे. घनसावंगी ज्या हैदराबाद संस्थानात होती, तिथल्याच निजामिया वेधशाळेने जागतिक फोटो-नकाशाच्या कामात या ताऱ्याचा पट्टा, उत्तर ३६ ते ३९ अंशांचा, सांभाळला होता. ते कष्ट वापरायचे आणि "फक्त दोन फोटो" म्हणायचं, हे बरोबर नाही.

दुसरी पाचर जास्त लबाड आहे. ६१ सिग्नी नारिंगी आहे. वातावरण तांबडा प्रकाश निळ्यापेक्षा कमी वाकवतं, त्यामुळे हा तारा मागच्या पांढऱ्या ताऱ्यांच्या मानाने किंचित क्षितिजाकडे सरकलेला दिसतो. मेमधे क्षितिज पूर्वेचं, नोव्हेंबरमधे पश्चिमेचं. आणि पॅरॅलॅक्सही मेमधे पूर्वेकडे, नोव्हेंबरमधे पश्चिमेकडेच ढकलतो! म्हणजे ही चूक दर वर्षी पॅरॅलॅक्सच्या तालावर नाचते, कितीही फोटो काढले तरी सरासरीत मरत नाही, आणि तारा खऱ्याहून जवळ दाखवते. पकडायची कशी? एकाच रात्री तारा वर असताना आणि खाली उतरल्यावर फोटो घ्या. एका रात्रीत पॅरॅलॅक्स म्हणण्यासारखा बदलत नाही, तेव्हा जे सरकलेलं दिसेल त्यातलं बहुतेक वातावरणाचं. कॅमेऱ्यापुढे तांबडा फिल्टर लावला की ते बरंच आवळतं.

आणि हो, ६१ सिग्नी हा जोडतारा आहे. दोघे ३० विकलांच्या आसपास अंतरावर, एकाच फ्रेममधे मस्त दिसतात. मोह होईल एकावरून दुसरा मोजायचा. नको! दोघे सारख्याच अंतरावर, सोबतच हलतात, पॅरॅलॅक्स शून्य येईल. बेसेलनेही तुलनेला वेगळे अंधुक तारे घेतले होते.

शेवटचं, उत्तर कसं सांगायचं. मुलांचा पॅरॅलॅक्स आला ०.२९, कमी-जास्त ०.०५, तर अंतर "११.२" असं छातीठोक लिहू नये. ०.३४ धरलं तर ९.६, ०.२४ धरलं तर १३.६. बघा, वरची बाजू खालच्यापेक्षा लांब पसरली, कारण आपण भागाकार करतोय. चूक कोनाएवढीच मोठी झाली तर उत्तर अनंतापर्यंत पळतं.

बेसेलला आलं होतं ०.३१४, चूक सुमारे ०.०२. म्हणजे १०.४ प्रकाशवर्षे. आजच्या ११.४ पेक्षा एक कमी. पण त्याने वर्षभर मोजलं, निजगती वेगळी काढली आणि चूक किती ते छापलं. स्लाइडवाल्याकडे यातलं एकही नसतं.

मला राग स्लाइडचा नाही, तिच्या परिणामाचा आहे. घनसावंगीतली मुलगी प्रामाणिकपणे मोजून ३.२ आणते, तेव्हा तिला सांगितलं जातं की तुझा कॅमेरा साधा, तुझा हात हलला. तिचा हात हलला नव्हता. तिचं मोजमाप पक्कं होतं, तिला दिलेली रीत कच्ची होती. पुढच्या वेळी स्लाइडवर पृथ्वी तीनदा काढा, आणि ताऱ्याला एक बाण.