डब्यांचे पत्ते नकाशावर

चिंचवडच्या एका भगिनी घरून जेवणाचे डबे देतात. त्या लिहितात, ‘चोवीस डबे आहेत. चिंचवडगाव, आकुर्डी, निगडी असे विखुरलेले. डबे पोचवणारा मुलगा सोडून गेला. नव्याला पत्ते वाचून घरं सापडत नाहीत, आणि डबा गार झाला की गिऱ्हाईक तुटतं. घरात संगणक आहे, मुलीने सगळी यादी तक्त्यात उतरवून दिली आहे. पुढे काय करू?’

बाई, अर्धं काम झालंच आहे. प्राधिकरणातल्या सेक्टर-प्लॉटचा पत्ता पोस्टमनला कळतो, नकाशाला तो कळेलच असं नाही. त्याला कळतात दोन आकडे, अक्षांश आणि रेखांश. शाळेतल्या भूगोलातलेच हे! हे दोन आकडे प्रत्येक घराचे मिळाले की गूगलचा ‘माय मॅप्स’ नावाचा फुकट नकाशा एका दमात चोवीस ठिपके टाकून देतो.

आकडे मिळवायचे असे. संगणकावर गूगल मॅप्स उघडा, घराच्या फाटकावर उजवे बटण दाबा. यादीत सर्वांत वर दोन आकडे दिसतील. त्यांवर दाबलंत की त्यांची नक्कल होते. मात्र ते दोन्ही स्वल्पविराम घेऊन एकाच घरात येऊन बसतात. पहिला एका रकान्यात, दुसरा शेजारच्या रकान्यात, असे वेगळे करा. तक्ता साधारण असा दिसेल:

```
dabba,lat,long,vel
D1,18.6283,73.7812,dupar
D2,18.6491,73.7668,ratra
D3,18.6607,73.7715,dupar
```

आकडे इंग्रजीतच टाका. दशांश चिन्हानंतर चार आकडे ठेवा, म्हणजे ठिपका दहा-अकरा मीटरच्या आत पडतो. दोनच ठेवलेत तर चूक अर्ध्या किलोमीटरपर्यंत जाते, आणि मुलगा भलत्याच गल्लीत घंटी वाजवतो. शेवटचे शून्य तक्त्याने आपणहून गाळले तर मात्र घाबरू नका. त्याने काही बिघडत नाही.

आता `mymaps.google.com` उघडा. आपल्या गूगल खात्याने आत जा, Create a new map दाबा, मग Import, आणि तक्त्याची फाइल द्या. तो विचारतो, जागा कुठल्या रकान्यांवरून ठरवू? तिथे `lat` आणि `long` या दोन्हींवर खूण करा आणि कुठला अक्षांश, कुठला रेखांश ते सांगा. पुढे ठिपक्यांना नाव कशाचं द्यायचं विचारेल, तेव्हा `dabba` निवडा. झालं! नंतर Individual styles वर दाबून `vel` रकाना निवडलात तर दुपारचे आणि रात्रीचे डबे वेगवेगळ्या रंगांत दिसतात. हे जरूर करा. दुपारच्या फेरीत कुठली घरं जवळ-जवळ आहेत ते एका नजरेत कळतं.

चूक होते ती बहुधा एकच, रकाने उलटे होण्याची. आपल्या चिंचवडचे आकडे उलटे टाकले तर ठिपका नॉर्वेच्याही उत्तरेला, बर्फाळ समुद्रात जाऊन पडतो. नकाशा तक्रार करीत नाही, कारण ७३ हाही खरा अक्षांश असू शकतो. सगळेच ठिपके तिकडे गेले तर लगेच लक्षात येतं. एखादाच गेला तर चिंचवडवर नजर ठेवणारीला तो दिसतही नाही, फक्त एक डबा कमी भरतो. म्हणून नकाशा उघडण्याआधीच तक्त्यावरून बोट फिरवा. चिंचवडपासून चाकणपर्यंत प्रत्येक अक्षांश १८ ने सुरू होतो आणि प्रत्येक रेखांश ७३ ने. वेगळं काही दिसलं की ती ओळ चुकली म्हणून समजा. मग ठिपके मोजा, चोवीसच हवेत. एखादी ओळ बसवता आली नाही तर नकाशा तसं सांगतो. तिथे बहुतेक आकड्याऐवजी काही अक्षर शिरलेलं असतं किंवा घर रिकामं राहिलेलं असतं.

एवढी काळजी अठरा आणि त्र्याहत्तरची. त्यापुढे आकडा चुकला, ६२ चे ६६ झाले, तर ठिपका चार-साडेचार किलोमीटर सरकतो, पण राहतो आपल्याच भागात. तो फक्त तुम्हालाच ओळखता येईल. घरं तुमच्या पाहण्यातली आहेत, तेव्हा एकेका ठिपक्यावर दाबून बघाच.

आणखी दोन गोष्टी. तक्त्यातले सगळे रकाने ठिपक्यावर दाबल्यावर दिसतात, तेव्हा गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर, कोण एकटी राहते वगैरे काही त्यात ठेवू नका. D1, D2 पुरे. नावांची वही तुमच्यापाशी. नव्या मुलाला नकाशाचा दुवा पाठवाल तो फक्त पाहण्यापुरता द्या, बदलण्याची परवानगी नको. तो दुवा ज्याच्या हाती जाईल त्याला सगळी घरं दिसतात, म्हणून मुलगा काम सोडून गेला की शेअरिंग बंद करायला विसरू नका.

दुसरं, तक्त्यात नंतर पंचविसावा डबा घातलात तर नकाशावर तो आपोआप येत नाही. थराच्या नावाशेजारच्या तीन टिंबांवर दाबून Reimport and merge मधून फाइल पुन्हा द्यावी लागते. महिन्याच्या एक तारखेला, बिलं काढताना, हे काम उरकून टाकावं.