विमान रद्द, कंपनी दाद देईना. तिकिटावर मोबाईल नंबर कोणाचा, यावरच ठरतो पुढचा निकाल

डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा विमानतळावर अडकलेल्यांत गावाकडची माणसंही कमी नव्हती. पुढे जानेवारीत डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला 22 कोटी 20 लाखांचा दंड केला. पण दंडाची रक्कम प्रवाशाच्या खात्यात येत नसते. डीजीसीए नियम करतं आणि कंपनीवर कारवाई करतं. एकेका प्रवाशाचा खटला चालवून त्याला नुकसानभरपाई द्यायचं काम ग्राहक आयोगाचं आहे. हा फरक माहीत नसल्याने अनेकांची तक्रार अर्ध्या वाटेतच थांबते.

नियम काय सांगतो?

उड्डाण रद्द झालं आणि कंपनीने किमान 24 तास आधी कळवलं नाही, तर तिकिटाच्या पैशांशिवाय वेगळी भरपाई द्यावी लागते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला 5,000, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला 7,500 आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला 10,000 रुपये ही कमाल मर्यादा आहे. मात्र तिकिटाचं मूळ भाडं अधिक इंधन आकार ही रक्कम त्याहून कमी असेल, तर तेवढीच मिळते. खराब हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण, सुरक्षेचा धोका, संप अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असतील तर ही भरपाई मिळत नाही. आणि तिकीट काढताना प्रवाशाने संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल, तरीही कंपनी हात वर करू शकते.

गावाकडच्या प्रवाशाची खरी अडचण इथेच होते. तिकीट तालुक्याच्या गावातल्या एजंटकडून काढलेलं असतं आणि त्यावर नंबर व ई-मेल एजंटचाच टाकलेला असतो.

एक उदाहरण पाहू

समजा, करमाळा तालुक्यातल्या एका तरुणाची दिल्लीला नोकरीची मुलाखत आहे. पुण्याहून दुपारी एकचं विमान. तिकीट 6,200 रुपयांचं, त्यात मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून 5,100. पहाटे घर सोडून तो अकराला लोहगावला पोहोचतो, तर उड्डाण रद्द. काउंटरवर सांगतात, ‘ऑपरेशनल कारण आहे.’ दुसऱ्या दिवशी सकाळचं तिकीट तो 10,900 रुपयांना घेतो. लॉज आणि जेवणाचे 1,600 होतात.

तिकिटाचे 6,200 रुपये काही दिवसांनी एजंटमार्फत परत मिळतात. भरपाईचा विषय काढला की कंपनी ई-मेलवर उत्तर देते, ‘नोंदवलेल्या क्रमांकावर वेळेत कळवलं होतं.’ हा क्रमांक एजंटचा. तरुण एजंटकडे जाऊन त्याच्या मोबाईलमधला मूळ मेसेज पाहतो. त्यावर वेळ आहे त्याच दिवशीची, सकाळी 9.10. म्हणजे उड्डाणाच्या जेमतेम चार तास आधी. नंबर कोणाचाही असो, 24 तासांची अट कंपनीने पाळलेली नाही, हे त्या एका मेसेजवरून दिसतं. उलट तो मेसेज दोन दिवस आधीचा निघाला असता, तर कंपनी सुटली असती आणि प्रश्न एजंटला विचारावा लागला असता.

आता त्याची मागणी अशी होते: नियमाची भरपाई 5,100, नव्या तिकिटाचा जादा खर्च 4,700, लॉज-जेवण 1,600, एकूण 11,400 रुपये. मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च वेगळा मागता येतो. यातलं किती मंजूर करायचं ते आयोग ठरवतो.

कागद त्याच दिवशी जमवा

विमानतळ सोडण्याआधी कंपनीकडून उड्डाण रद्द झाल्याचं आणि कारणाचं लेखी पत्र किंवा ई-मेल मागावा. तोंडी ‘ऑपरेशनल’ म्हणणारी कंपनी नंतर हवामानाचं कारण पुढे करू शकते. त्याच वेळेला दिल्लीची दुसरी विमानं जात असतील, तर विमानतळावरच्या वेळापत्रकाच्या बोर्डाचा फोटो काढावा. हवामानाच्या सबबीला तो चांगलं उत्तर ठरतो.

एजंटकडून तिकिटाची भाडं फोडून दाखवलेली पीडीएफ आणि पैसे दिल्याची पावती घ्यावी. रोख दिले असतील तर पावती जास्तच गरजेची. लॉज, गाडी, नवं तिकीट यांची बिलं जपावीत. मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसेल असा काढावा, मात्र मूळ मेसेजही पुसू नये. मोबाईल बदलायचा असेल तर त्याआधी सगळं स्वतःच्याच ई-मेलवर पाठवून ठेवावं. हेल्पलाईनला फोन केला तर तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांक वहीत लिहावा.

एवढा खटाटोप कशासाठी, हे 2020 च्या एका निकालातून कळतं. कोलकात्याहून अगरतलाला जाणाऱ्या एका कुटुंबाचं इंडिगोचं विमान सुटलं. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तिन्ही पातळ्यांवर ते जिंकलं, पण सर्वोच्च न्यायालयात कंपनीची बाजू टिकली. सेवेत कसूर झाली हे आधी तक्रारदाराने दाखवलं पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं.

तक्रारीच्या पायऱ्या

पहिली तक्रार कंपनीकडे, लेखी. पीएनआर क्रमांक, तारीख, काय घडलं आणि किती रुपये हवेत, एवढं पुरे. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर अपील अधिकाऱ्याकडे जायचं. त्यांची नावं कंपनीच्या वेबसाईटवर असतात.

तिथेही दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा ॲपवर किंवा airsewa.gov.in वर तक्रार टाकावी. तिथून ती कंपनीकडे जाते आणि लेखी उत्तर येतं. अडकलेले पैसे बऱ्याचदा याच टप्प्यावर सुटतात. पण ‘निकाली काढली’ असा शेरा मारून तक्रार बंद झाली, तरी हक्क संपत नाही. त्या शेऱ्याचा स्क्रीनशॉट हाच पुढचा पुरावा.

शेवटची पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे करमाळ्याच्या तरुणाने सोलापूरला जायचं, दिल्ली किंवा मुंबईला नाही. दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार e-jagriti.gov.in वर ऑनलाईनही भरता येते. सोबत तारीखवार हकिगत, कागदांच्या प्रती आणि प्रतिज्ञापत्र लागतं. मेसेज एजंटने दडवला असेल, तर कंपनीसोबत त्यालाही विरुद्ध पक्ष करता येतं.

मुदत दोन वर्षांची आहे आणि ती घटना घडल्यापासून मोजली जाते. कंपनीला ई-मेल करत बसलं म्हणून घड्याळ थांबत नाही. कायद्यात निकालासाठी तीन महिने सांगितले असले तरी प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, तारखांना हजर राहावं लागतं. त्यामुळे रक्कम लहान असेल तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तडजोडीचा प्रयत्न करून पाहणं परवडतं.

पुढच्या वेळी एजंटच्या टेबलासमोर बसल्यावर मात्र तिकिटावर स्वतःचाच नंबर टाकायला सांगावा आणि पैसे देण्याआधी तो वाचून घ्यावा.