‘येस’ म्हणजे नेहमी ‘हो’ नव्हे

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात आम्ही जेवायला बसलो होतो. शेजारच्या टेबलावर एक परदेशी बाई होत्या. त्यांच्यासमोर भरली वांगी आली. चमचा उचलण्याआधी त्यांनी वेटरला विचारले, ‘‘इट डझन्ट हॅव पीनट्स, डझ इट?’’ मुलगा वीस-बावीस वर्षांचा, चुणचुणीत होता. पीनट म्हणजे शेंगदाणा हे त्याला ठाऊक होते. वांग्यात शेंगदाण्याचे कूट आहे हेही ठाऊक होते. त्याने मान हलवून ठामपणे उत्तर दिले, ‘‘नो मॅडम.’’ आणि बाईंनी चमचा उचलला.

आम्ही उठून मध्ये पडलो. बाईंना थांबवले आणि मुलाला मराठीत विचारले, ‘‘अरे, यात कूट नाही?’’ तो म्हणाला, ‘‘आहे ना साहेब. तेच तर सांगितलं त्यांना!’’

मुलगा खोटे बोलला नव्हता. तो इंग्रजी शब्दांत मराठी बोलला होता. ‘यात शेंगदाणे नाहीत ना?’ असे कोणी विचारले, तर आपण विचारणाऱ्याच्या बोलण्याला उत्तर देतो. ‘हो, नाहीत’ म्हणजे तुमचे बरोबर आहे. ‘नाही, आहेत’ म्हणजे तुमचे चुकले. इंग्रजी माणूस वस्तूला उत्तर देतो. वस्तू असेल तर ‘येस’, नसेल तर ‘नो’. प्रश्न सरळ असो की नकारार्थी. मुलाच्या मनात होते, ‘नाही मॅडम, तसं नाही.’ बाईंनी ऐकले, ‘शेंगदाणे नाहीत.’ ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी असते त्याचा घसा सुजू शकतो, श्वास कोंडू शकतो, वेळेत उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. आणि आपल्या मराठवाड्यात कूट नसलेली भाजी शोधावी लागते! गंमत अशी की, जपानी पाहुणा असता तर त्याला मुलाचे उत्तर बहुधा बरोबर कळले असते. जपानी भाषेतही नकारार्थी प्रश्नाला आपल्यासारखेच उत्तर देतात.

हॉटेलांतल्या पोरांना इंग्रजी शिकवायला निघालेल्या मंडळींना आमचे सांगणे एवढेच, की सुरुवात ‘गुड मॉर्निंग’पासून करू नका, इथून करा. पदार्थात काय आहे हे विचारल्यावर नुसते ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणायचे नाही. पूर्ण वाक्य बोलायचे. ‘धिस हॅज पीनट्स.’ ‘धिस हॅज नो पीनट्स.’ आणि तिसरे, सर्वांत मोलाचे: ‘आय विल आस्क द किचन.’ ही तीन वाक्ये तोंडात बसली की प्रश्न कसाही फिरवून येवो, उत्तर उलटे पडत नाही. पीनट्सच्या जागी मिल्क, एग, कॅश्यू घातले की वाक्ये तीच राहतात आणि कामे दहा होतात. ओनियन आणि गार्लिकही घालावे. तैवानहून येणाऱ्या अनेक शाकाहारी बौद्ध यात्रेकरूंना कांदा-लसूण चालत नाही. जैन थाळी वाढणाऱ्या हॉटेलाला ते जड नाही, फक्त प्रश्न कळला पाहिजे.

प्रश्न कळणे हीच खरी अडचण आहे. बहुतेक वर्गांत पोरांकडून वाक्ये एका सुरात घोकून घेतात. पोरगा प्रश्न छान विचारतो, पण समोरून आलेले उत्तर त्याला कळत नाही. मग तो हसतो, मान डोलावतो आणि आत जातो. ते मान डोलावणे परदेशी माणसाला ना होकार वाटते ना नकार. म्हणून जिभेइतकाच कान तयार करावा लागतो. एकच प्रश्न चार जणांच्या आवाजात मोबाइलवर घ्यावा आणि ऐकवावा. शब्दही दुहेरी शिकवावेत. आपण ब्रिंजल म्हणतो, अमेरिकन एगप्लँट म्हणतो. आपली लेडीज फिंगर त्याची ओक्रा. आपला ग्राउंडनट त्याचा पीनट. चेन्नई-कोचीचा पाहुणा मात्र आपलेच शब्द वापरतो. ज्याला हिंदी येत नाही अशा त्या पाहुण्याबरोबर सराव आधी करावा, धीर लवकर येतो.

आकड्यांत फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी यांची गल्लत साहेबांचीही होते. तिथे उच्चार सुधारत बसू नये. आकडा लिहून दाखवावा. ऑर्डर घेतल्यावर ती परत म्हणून दाखवावी: ‘टू टी, वन विदाउट शुगर.’ चूक व्हायचीच असेल तर ती तिथे सापडते, टेबलावर ताट आल्यावर नाही.

आदराचेही तसेच. मराठीत ‘बस’ आणि ‘बसा’ यांत एका कान्याचा फरक, पण त्यात सगळा मान येतो. पोरगा ‘बसा’चे ‘सिट’ करतो आणि ‘काय पाहिजे?’चे ‘व्हॉट यू वॉन्ट?’ करतो. त्याच्या मनात मान असतो, पाहुण्याच्या कानावर हुकूम पडतो. ‘प्लीज हॅव अ सीट’ आणि ‘व्हॉट वुड यू लाइक?’ ही इंग्रजीतली ‘आपण’ची रूपे आहेत असे सांगितले की पोरांना लगेच पटते. एवढ्यावर मान राखला जातो. वाक्यागणिक तीनदा ‘सर सर’ करण्याची गरज नाही, कंबरेत वाकण्याची तर मुळीच नाही.

आता मालकांविषयी. आचाऱ्याने कशात काय घातले हे वेटरला ठाऊक नसेल, तर त्याचे इंग्रजी काय कामाचे? भटारखान्याच्या दाराशी एक कागद लावावा: कोणत्या पदार्थात कूट, कशात काजू, कशात दूध. कढई आणि डाव एकच असतील, तर ‘वी कान्ट बी शुअर’ असे सांगण्याची मुभा पोराला द्यावी. ‘गिऱ्हाइकाला नाही म्हणायचे नाही’ असा दम देणारा मालकच त्याच्याकडून खोटे ‘येस’ वदवून घेतो. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा व त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी ॲलर्जीच्या घटकांची माहिती द्यावी असे अन्नसुरक्षेचे २०२० चे लेबलिंगविषयक नियम सांगतात. रस्त्यावरच्या आमच्या हॉटेलाला ते लागू नाहीत. तिथे वेटरची जीभ हेच लेबल. पण अपघात झाला आणि पोराला कामावरून काढले म्हणजे मालक सुटला, असे कोणी समजू नये. कामाच्या ओघात नोकराकडून झालेल्या निष्काळजीपणाची नुकसानभरपाई मालकाकडेही मागता येते.

शिकवणीचा वेळ दुपारची गर्दी ओसरल्यावरचा, साडेतीन ते चार. तो कामाचाच वेळ धरावा. पोरांच्या झोपेतून किंवा पगारातून कापू नये. पंधरा-वीस दिवसांत वीसेक वाक्ये होतात, जास्तीचा हव्यास नको. त्यांत या भागासाठी दोन घालावीतच: ‘अजंठा इज क्लोज्ड ऑन मंडे’ आणि ‘एलोरा इज क्लोज्ड ऑन ट्यूजडे.’ शंभर किलोमीटर जाऊन बंद दारावरून परतलेला पाहुणा आम्ही पाहिला आहे.

परीक्षा कागदावर घेऊ नये. पोरांनी पाहिलेला नसेल असा कोणी माणूस गिऱ्हाईक म्हणून बसवावा, समोर ताट ठेवावे आणि त्याला विचारायला लावावे: ‘‘देअर आरन्ट एनी पीनट्स इन धिस, आर देअर?’’ पोरगा ‘येस सर’ म्हणून थांबला, तर उद्या साडेतीनला पुन्हा तीच तीन वाक्ये.