शहाण्णव टाक्यांचा गळा

वऱ्हाडातली थंडी सकाळची असते. डिसेंबर-जानेवारीत अमरावतीला वडाळी तलावावर पहाटे फिरायला जाणारे कानापर्यंत गुंडाळलेले असतात आणि दुपारी बारा वाजता हीच मंडळी रसवंती शोधत असतात. अशा हवेला लांब मफलर हा कारभार जडच. स्कूटीवर त्याची टोकं सुटतात, चाकाकडे लोंबतात. त्यापेक्षा डोक्यावरून घालायचा बिनटोकाचा गोल गळा बरा. ऊन चढलं की ओढून काढायचा आणि डिकीत टाकायचा. ज्यांना सुलट आणि उलट हे दोनच टाके येतात, त्यांनाही तो जमतो. किंबहुना त्यांनी पहिल्यांदा हाच करावा, कारण गोल विणताना कामाची सुलट बाजू कायम आपल्याकडेच राहते आणि उलटी ओळ विणत परत यावं लागत नाही.

कापसाच्या मुलखात राहून सुती दोऱ्याचा मोह होतो, पण सुताला लवचीकपणा नाही. गळा दोन दिवसांत सैल पडून छातीवर येतो. साधी अ‍ॅक्रिलिक लोकर घ्या. १०० ग्रॅममध्ये काम होऊन थोडी उरते. बाजारातली बारीक लोकर असेल तर दुहेरी धागा धरा. सुई ६ नंबरची, म्हणजे ५ मिलिमीटरची, वायरने जोडलेली गोल सुई, टोकापासून टोकापर्यंत ४० सेंटिमीटर. इथे नवख्यांची हमखास फसगत होते. आपल्याकडच्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची असते. दुकानात ‘जाड द्या’ म्हणून ८ नंबर घेऊन आलात, तर गळा बाळाचा होईल. आणि सुई ८० सेंटिमीटर लांब असेल, तर ६० सेंटिमीटरच्या घेराचे टाके तिच्यावर पोचणारच नाहीत. ताणून ताणून हात दुखतील.

आता हिशेब. एलिझाबेथ झिमरमन नावाची इंग्लंडमध्ये जन्मलेली, अमेरिकेत राहिलेली विणकर होती. १९७१ साली आलेल्या तिच्या पुस्तकाने गोल विणकामाला अनेक घरांत नेलं. तिचा धडा एवढाच: आधी आपल्या हाताचे टाके मोजा, मग घेराने गुणा. या नमुन्यात १० सेंटिमीटरमध्ये १६ टाके धरले आहेत. घेर ६० सेंटिमीटर हवा, म्हणून ९६ टाके. बहुतेक मोठ्यांच्या डोक्याचा घेर ५५ ते ५८ च्या आसपास, तेव्हा ६० चा गळा सहज उतरतो. तुमचा हात घट्ट असेल आणि १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके बसत असतील, तर ९६ टाक्यांचा गळा ५३ सेंटिमीटरच होईल आणि कानाला खरचटत निघेल. मग १०८ टाके घाला. फक्त आकडा ४ ने भागला जायला हवा, कारण काठाची वीण दोन सुलट, दोन उलट आहे. नमुन्याचा तुकडा विणताना प्रत्येक ओळ सुलटच विणा. ओळ संपली की टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवा, धागा मागून सैल सोडा आणि पुन्हा सुलट सुरू करा. जाऊन-येऊन विणलेल्या तुकड्यावर आणि गोल कामावर एकाच हाताचे टाके वेगळे पडतात.

दोन मीटर धागा सोडून ९७ टाके घाला. होय, एक जास्त. सारे टाके सुईवर पसरवा आणि मांडीवर ठेवून नीट बघा. टाक्यांच्या खालची साखळी सगळीकडे सुईच्या आतल्या अंगाला असली पाहिजे. कुठेही ती सुईला वेढा मारून वर आली, तर गळ्याला पीळ बसतो. हा पीळ पहिल्या फेरीपर्यंत जोडाच्या फटीतून सोडवता येतो, पुढे नाही. पुढे उसवणं आलं. सगळं सरळ असल्याची खात्री पटली की शेवटचा, धाग्याजवळचा टाका डाव्या सुईवर घ्या आणि तो पहिल्या टाक्यासोबत एकत्र सुलट विणा. जोडाची फट भरते आणि टाके उरतात ९६. तिथे रंगीत धाग्याची खूण अडकवा. दर २४ टाक्यांनी आणखी तीन वेगळ्या रंगाच्या खुणा. दोन खुणांच्या मध्ये काठाच्या सहा जोड्या बसतात, त्यामुळे चुकलं तर ९६ नाही, २४ च मोजायचे.

फेरी १ ते ६: २ सुलट, २ उलट, फेरीभर. पहिल्या फेरीतला एकत्र विणलेला टाका हा पहिला सुलट. ९६ टाके.

फेरी ७, ८, ९: सगळे सुलट. ९६ टाके.

फेरी १०: सगळे उलट. ९६ टाके. बाहेरून एक आडवी कड उठून दिसेल.

फेरी ११ ते ४२: ७ ते १० या चार फेऱ्या आणखी आठ वेळा. म्हणजे कडा एकूण नऊ, शेवटची ४२ व्या फेरीत. फेरी मोजायची गरज नाही, कडा मोजा.

फेरी ४३: सगळे सुलट. ९६ टाके.

फेरी ४४ ते ४९: पुन्हा २ सुलट, २ उलट. ९६ टाके.

फेरी ५०: टाके बंद. सुलट टाका सुलट, उलट टाका उलट विणतच बंद करत जा.

काठाच्या सहा-सहा फेऱ्या शोभेच्या नाहीत. साध्या सुलट विणीची कड आपोआप बाहेर वळते, दोन-दोनची वीण तिला धरून ठेवते.

शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी हाच गळा विणत होती. चौथ्या फेरीत आली आणि म्हणाली, “काकू, टाके वाढून रायले वो, काहून?” बघितलं तर ९९. सुलटावरून उलटावर जाताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा असतो. तिने तो सुईवरूनच पुढे घेतला होता, म्हणून प्रत्येक वेळी एक फुकटचा टाका आणि त्याच्याखाली एक भोक. खुणा होत्या म्हणून बरं. तीन खणांत २५-२५ निघाले, चौथा ठीक. ते तीन वेढे पुढच्या फेरीत सुईवरून नुसते सोडून दिले, भोकं पुढच्या फेऱ्यांत बुजली. टाके कमी भरले तर मात्र दोन-तीन फेऱ्या खाली निसटलेला टाका शोधा आणि क्रोशाच्या सुईने वर आणा.

दुसरी गडबड होते मधेच उठून गेल्यावर. दाराची बेल वाजते, परत आल्यावर काम उलट्या हाताने धरलं जातं आणि आपण मागे विणत सुटतो. तपासायचं सोपं आहे: लोकरीच्या गुंड्याकडे जाणारा धागा नेहमी उजव्या सुईला लोंबत असतो. डावीला दिसला की काम फिरवून धरा.

बंद करताना ५ नंबरची, म्हणजे थोडी जाड सुई उजव्या हातात घ्या. सगळ्यात घट्ट फेरी हीच होते आणि वरचा काठ डोक्यात अडकतो. शेपूट कापण्याआधी एकदा घालून बघा. अडकत असेल तर एवढीच फेरी उसवा.

धुताना कोमट पाणी, पिळायचं नाही, चादरीवर आडवा वाळवायचा. इस्त्री अजिबात नको. अ‍ॅक्रिलिकला उष्णता लागली की वीण लोळागोळा होते आणि ती परत उठत नाही.

घरातल्या लहानासाठी ८१ टाके घालून जोडताना ८० करा, खुणा २०-२० वर. मधल्या चार फेऱ्या नऊऐवजी सहाच वेळा, म्हणजे फेरी ३० पर्यंत. ३१ वी सुलट, ३२ ते ३७ काठ, ३८ वीत बंद. चिखलदऱ्याला सहल निघणार असेल तर उंची कमी करू नका, नऊच कडा ठेवा. गळा नाकापर्यंत ओढता आला पाहिजे.