'रहिम्या' कोणी म्हणायचं?

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात अब्दुर्रहीम नावाचा मुलगा होता. मैदानावर त्याची दोस्तमंडळी "रहिम्या, बॉल टाक!" असं ओरडायची आणि तोही "थांब रे सच्या!" म्हणून धावायचा. मुलांशी जवळीक साधावी म्हणून एकदा आम्हीही वर्गात "काय रहिम्या, गृहपाठ कुठंय?" असं म्हणून गेलो. पोरगं गप्प झालं. दोन दिवसांनी त्याची अम्मी भेटायला आली.

"सर, दोस्तांचं ठीक आहे. तुम्ही तरी पूर्ण नाव घ्या."

आधी आम्हाला जरा लागलंच. मग विचार केला, तेव्हा बाईंचं म्हणणं पटलं.

मराठीत 'या' हा प्रत्यय बरोबरीच्यांचा आहे. गणेशचा गण्या, सचिनचा सच्या, पांडुरंगाचा पांड्या. ज्याला उलट तसंच म्हणता येतं, त्याच्याच तोंडी तो गोड लागतो. रहिम्या सचिनला सच्या म्हणू शकतो. आम्हाला काय म्हणणार? उलट उत्तराची वाट बंद असली की तोच 'या' दरडावल्यासारखा ऐकू येतो. आई रागावली की ती हाच प्रत्यय वापरते, हे मुलाला पक्कं ठाऊक असतं. मुलींच्या बाबतीत हे काम 'ई' करते. सुमनची सुमी मैत्रिणीच्या तोंडी वेगळी, सासूच्या तोंडी वेगळी.

आपल्या उर्दू बोलणाऱ्या घरांत असा 'या' लाडाचा नाहीच. तिथं लाडाला 'ऊ' किंवा 'ओ' येतो: अब्दू, शब्बो, रज्जो. त्यामुळे अम्मीच्या कानाला 'रहिम्या' म्हणजे नाव मोडल्यासारखंच वाटलं. त्यात रहीम हे अल्लाहचं नाव. मुलगा आहे अब्दुर्रहीम, रहीमचा बंदा. 'अब्द' गाळून उरलेल्या नावाला 'या' जोडला, ही गोष्ट सचिनच्या सच्याहून फार जड होती. 'ऊ' मात्र मराठीतही लाडाचाच (बाळू, मनू), म्हणून 'अब्दू' दोन्ही कानांना चालतो. तरी दाढीमिशा फुटलेल्या मुलाला चारचौघांत अब्दू म्हटलं, तर तो लाजून दुसरीकडे बघतो.

आदराने नाव वळवायचं झालं तर मराठीत 'बा' आहे. संत स्वतःला अभंगात नुसतं तुका म्हणवतात. लोक त्यांना तुकोबा म्हणतात. आमच्या पेशाला मात्र मराठीने 'मास्तुरडा' दिला, कारकुनाला 'कारकुंडा'! आणि 'चिमुकली', 'छोटुकली' यांतला 'उकली' बाळासाठी कितीही गोड असो, घरी शिवणकाम करून संसार चालवणाऱ्या बाईला "तुमचा छोटुकला उद्योग कसा चाललाय?" असं विचारून पाहा. ती हसेल, पण ब्लाऊज आठवडाभर उशिरा मिळेल.

दुसऱ्या दिवशी हजेरीत आम्ही "अब्दुर्रहीम" म्हटलं. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच "रहिम्या, हजर म्हण की!" असं बोललं. तो हसला आणि "हजर, सर" म्हणाला.