आजीच्या हातातला कागद

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एक आजी बँकेतून रडवेल्या होऊन आल्या. मुलगा आणि सून अपघातात गेले, आठ वर्षांची नात त्यांच्याकडे. मुलाच्या ठेवीचे पैसे नातीच्या नावे खात्यात जमा करायचे होते. शेजारणींनी सांगितलं होतं, "आता नवा नियम आलाय, मुलांचं खातं मुलंच चालवतात." नियम आला हे खरं. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये तसं परिपत्रक काढलं. पण स्वतः खातं चालवायची मुभा दहा वर्षं पूर्ण झालेल्यांना, तीही बँक ठरवेल त्या मर्यादेत. त्याहून लहान मुलाचं खातं नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकच उघडतो.

इथेच गाडं अडतं. हिंदू कायद्याप्रमाणे नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि त्यांच्यानंतर आई. आजी-आजोबा त्यात नाहीत, मग मूल त्यांच्या मांडीवर वाढलेलं का असेना!

आजींकडे बालकल्याण समितीचा आदेश होता, बालसंगोपन योजनेच्या वेळी मिळालेला. शाळेने तोच पाहून नाव घातलं, दाखल्यावर सह्या घेतल्या. त्यामुळे त्यांना वाटलं, हा कागद सगळीकडे चालेल. बँकेतले साहेब म्हणाले, "आजी, यात मूल तुमच्याकडे सोपवलंय. पैशांचं काहीच लिहिलेलं नाही." मला आधी रागच आला. पण कागद नीट वाचला तेव्हा साहेबांचं म्हणणं पटलं. सांभाळ वेगळा, मालमत्ता वेगळी. नोटरीचं प्रतिज्ञापत्रही इथे चालत नाही, कारण स्वतःच लिहून दिल्याने कोणी पालक होत नाही.

मग वकीलबाईंना गाठलं. मूल जिथे राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज केला. सोबत दोघांचे मृत्यूचे दाखले, नातीचा जन्मदाखला, तिच्या नावे काय येणार त्याची यादी आणि जवळच्या नातेवाइकांची नावं. त्यांना नोटीस जाते. नातीच्या मामाने हरकत नाही असं लिहून दिलं. ते झालं नसतं तर प्रकरण लांबलं असतं.

वकीलबाईंनी अर्जात 'देहाचा व मालमत्तेचा पालक' हे दोन्ही शब्द आठवणीने घातले. नुसतं 'देहाचा' लिहिलं असतं तर बँकेने पुन्हा परत पाठवलं असतं. आदेश झाल्यावर त्याची प्रमाणित नक्कल घ्यायची, झेरॉक्सवर भागत नाही. एक नक्कल बँकेला, एक घरी.

या आदेशाने आजी मालकीण झाल्या नाहीत हं. घर किंवा शेत विकायचं, गहाण टाकायचं तर आधी न्यायालयाची परवानगी लागते, आणि न्यायालय हिशेबही मागू शकतं. नात अठराची झाली की त्यांचा अधिकार संपतो.

आजींनी शाळेची फी, वह्या, औषधं यांच्या पावत्या आतापासून एका डब्यात ठेवायला घेतल्यात.