एका तपासणीवर विसंबू नका



चेहऱ्यावरच्या अवाजवी केसांवरील लेखात, डीएचईए सल्फेट नॉर्मल आले की काळजी मिटली, असा सूर आहे. तो मला धोक्याचा वाटतो. हे संप्रेरक जवळजवळ सगळे अधिवृक्क ग्रंथीत तयार होते. बीजांडकोशाबद्दल ते काहीच सांगत नाही.

समजा, पन्नाशीच्या बाईंना चार महिन्यांत दाट केस आले, आवाज घोगरा झाला. सल्फेट ११० मायक्रोग्रॅम, पण टेस्टोस्टेरॉन २४० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. इथे आधी बीजांडकोशातली गाठ शोधावी लागते, आणि लहान गाठ सोनोग्राफीत निसटतेही. उलट सल्फेट ७०० च्या वर गेले, तर अधिवृक्काचा सीटी स्कॅन हवा. क्वचित अधिवृक्काची गाठही नुसते टेस्टोस्टेरॉन सोडते.

म्हणून डॉक्टरांनी सल्फेट आणि टेस्टोस्टेरॉन या दोन्ही तपासण्या एकत्रच लिहून द्याव्यात.

– एक स्त्रीरोगतज्ज्ञ, सातारा